तीन बटणं आणि कोरडी नदी

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, पिकअप चालवायचे आणि त्यांच्या फोनमधल्या नकाशावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. कुठंही निघालं की फोन डॅशबोर्डवर टेकवायचा, उदबत्ती लावायची आणि मग त्या नकाशाची बाई सांगेल तिकडं वळायचं. ती नेहमी आडवाटेनंच न्यायची. तलवाड्याला जायचं तरी दोन पांदणी आणि एक वाळलेला ओढा पालथा घातल्याशिवाय पोचायचो नाही. भाऊजी म्हणायचे, आपल्या नकाशाला चोरवाटा माहीत हायत. आम्ही सगळे मान डोलवायचो.

ते दुष्काळाचं साल होतं. गावची सगळी जनावरं चारा छावणीत होती. त्यातही माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्या म्हणायचो, बायकांची दूध सोसायटी काढली होती. आत्या चेअरमन. मी बारावी शिकलेली आणि माझ्याकडं फोन, म्हणून मी सेक्रेटरी. लोक म्हणायचे, बायांना दुष्काळातच दूध संघ सुचला व्हय? पण छावणीचा एक फायदा होता. साऱ्या म्हशी एका जागी, त्यामुळं दूध गोळा करायला घरोघर हिंडायला नको. सकाळी सातच्या आत सहा कॅन भरून उभे राहायचे.

गावात खासगी डेअरीचा एक माणूस दूध घ्यायचा, तोंडाला येईल तो भाव द्यायचा. त्याला सोडून आम्ही गोदावरीच्या पलीकडं संघाच्या शीतकरण केंद्रावर दूध घालायचं ठरवलं. केंद्रावरच्या साहेबांनी आत्यांना स्पष्ट सांगितलं होतं: नऊला फाटक बंद होतं, दूध तापून आलं आणि तपासायच्या नळीत उकळताना फाटलं तर परत जाईल. तीन दिवस बघू. एखाद दिवस चुकलात तर समजून घेऊ, दुसऱ्यांदा चुकलात तर सोसायटी विसरा. खासगी डेअरीवाल्यानं पारावर बसून सगळ्यांना सांगितलं होतं, बाया दूध ओतून परत येतील. आत्यांना ते वाक्य झोंबलं होतं. चार दिवस त्या दाताखाली खडा आल्यासारख्या बोलत होत्या.

आणि पहिल्याच दिवशी आम्ही दूध ओतून परत आलो.

भाऊजींच्या नकाशानं सव्वादोन तास सांगितले होते, तरी भाऊजी म्हणाले, पावणेदोनात पोचवतो. भरलेली गाडी, खड्डे, एका ठिकाणी शेळ्यांचा कळप, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी रस्त्यावर तुरी वाळत घातलेल्या. पोचलो तेव्हा पावणेदहा झाले होते. फाटकावरच्या माणसानं कॅनचं झाकण उघडून वास घेतला आणि झाकण परत लावलं, बस.  परतीच्या वाटेवर मी भाऊजींना बोलले, लई बोलले. माझा स्वभावच तसा, एकदा तोंड सुटलं की बैल सुटल्यासारखं.

दुपारी छावणीतल्या लिंबाखाली मी भाऊजींचा फोन हातात घेतला. माझ्या फोनवर तेच केंद्र टाकून मोठा रस्ता धरला तर एक तास दहा मिनिटं येत होती. एकच गाव, एकच केंद्र, मग हा वरचा तास गेला कुठं? शोधता शोधता मार्गाच्या पर्यायांत शिरले आणि तिथं तीन बटणं सापडली. टोल टाळा. महामार्ग टाळा. फेरी, म्हणजे होडी, टाळा. तिन्ही चालू.

भाऊजींना विचारलं तर आठवलं. तीन वर्षांमागं ऊसतोडीच्या मोसमात ते टोळीची गाडी चालवायचे. माणसं, संसार, कोंबड्या, सगळं वर लादलेलं. टोल नको, महामार्गावरचे पोलीस नकोत, म्हणून एका मित्रानं ती बटणं दाबून दिली होती.

मी म्हणाले, "पण होडी कावून टाळली?"

भाऊजी म्हणाले, "तीन बटणं हुती वहिनी. दोन दाबायची आन एक सोडायचं, बरं दिसतं का?"

म्हणजे गडी तीन वर्षं, रिकाम्या गाडीनंसुद्धा, पोलिसांना चुकवत पांदणीनं हिंडत होता. लग्नाला गेला तरी लपत. आम्ही त्याला चोरवाटा म्हणत होतो. छावणीतल्या बायका इतक्या हसल्या की म्हशी उठून उभ्या राहिल्या. आत्याही हसल्या, पदर तोंडाला लावून. त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या.

मग मी वहीच काढली. एकेक बटण बंद करायचं, वेळ लिहायचा. सगळं टाळून सव्वादोन तास. टोल तेवढा टाळला, महामार्ग धरला, तर एक तास पस्तीस मिनिटं, कारण नाक्याच्या अलीकडं उतरून गावागावांतून फिरून परत वर यावं लागत होतं. टोलही टाळला नाही, होडीचं बटण तेवढं राहू दिलं, तर एक दहा. आणि नकाशा हे सगळं मोटारीच्या हिशेबानं सांगतो. आमची सहा कॅनची पिकअप, त्यात पंधरा-वीस मिनिटं आपली आपण धरायची. सातला निघालो तर टोलच्या वाटेनं साडेआठला निवांत. टोल चुकवला तर नऊला फाटकाच्या तोंडाशी, आणि रस्त्यात एक शेळी आडवी आली की संपलं. भाऊजी टोलचं नाव काढताच तोंड फिरवत होते, पण आत्या म्हणाल्या, पंचवीस मिनिटांसाठी टोल भरायचा, त्यात इज्जत विकत मिळतीय. ठरलं.

इथं मी गप्प बसले असते तर ही गोष्टच झाली नसती.

तिसरं बटण माझ्या डोक्यात वळवळत होतं. तेही बंद केलं. आणि काय सांगू, नकाशावर नदीवर एक तुटक रेघ उमटली आणि वेळ आला पन्नास मिनिटं. पन्नास! टोल नाही, पुलाचा वळसा नाही. मी माहेरची पाटोद्याच्या डोंगराकडची, आमच्याकडं पाणी म्हणजे टँकर. होडीतून गाडी जाते हे फोटोत पाहिलेलं. मला कसं भरून आलं. भाऊजी हळूच म्हणाले, "यंदा नदीला पाणी असंल का पर?" मी म्हणाले, पाणी नसतं तर नकाशानं दाखवलं असतं का? आणि वर, तुमच्यापेक्षा मला बटणं जास्त कळतात, असंही म्हणाले.  आत्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, सेक्रेटरी म्हणती तर तसं.

दुसऱ्या दिवशी सातला निघालो. आत्या मधे बसल्या होत्या, कपाळभर कुंकू. मी जात्यावरच्या ओव्या म्हणत होते. सकाळची हवा गार, कॅनवर ओली पोती, मला तर पंख फुटले होते.

पावणेआठला नदीवर पोचलो. नकाशाची बाई म्हणाली, होडीत चढा.

समोर वाळू. या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू, आणि वाळूत एक होडी तिरपी पडलेली, तिच्या सावलीत कुत्रं झोपलेलं. होडीच्या पलीकडं वाळूत कुणीतरी टरबुजाचे वेल लावले होते. एक म्हातारा वाळूत खणलेल्या झिऱ्यातून तांब्यानं पाणी काढून वेलांना घालत होता. तोच नावाडी. पाणी असलं की होडी, पाणी गेलं की त्याच वाळूत टरबूज, असा त्याचा बारमाही धंदा.

मी त्याला विचारलं, होडी कधी सुटंल? त्यानं आधी मला बघितलं, मग पिकअप बघितली. म्हणाला, दिवाळीपासून उभी हाय. आन पाणी असतं तरी ही गाडी चढली नसती माय, माणसं आन फटफट्या नेतो मी.

भाऊजी दुसरीकडं बघून खांदे हलवत होते. हसत होते ते. मला कुठं तोंड लपवू असं झालं. माघारी फिरून टोलच्या वाटेनं जायचं तर दीड तास, म्हणजे सव्वानऊ. फाटक बंद, सोसायटी बंद, आणि पारावरचा तो माणूस खरा ठरणार, माझ्या एका बटणामुळं. आत्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं ओघळत होतं. 

आत्या खाली उतरल्या आणि नावाड्याजवळ गेल्या. दादा, संघाच्या केंद्रावर दूध घालायचंय, पलीकडं काय हाय? तो म्हणाला, गाव हाय, तिथली बी दूध सोसायटी हाय, त्यांचा टेंपो सव्वाआठला निघतो. तुमच्याच केंद्रावर जातो.

आत्यांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांची नजर होडीमागं उभ्या असलेल्या बैलगाडीवर होती, टरबुजं पलीकडं न्यायची.

सहाही कॅन भाऊजींनीच चढवले. म्हाताऱ्यानं बैल जुंपले. चाकं रुतली की आम्ही दोघी मागून ढकलायचो, भाऊजी दांडी धरून पुढं. वाळू चपलेत, वाळू केसांत, आत्यांचं नऊवारी लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मधेच एका कॅनवरचं पोतं घसरलं तर म्हाताऱ्यानं पिण्याच्या पाण्याचा अख्खा तांब्या त्यावर ओतला. त्या सालात तांब्याभर पाणी कुणी असं ओतत नव्हतं. मला इतकं हसू येत होतं की ढकलायला जोरच लागेना. गोदावरी अशी मी बैलगाडीनं पार केली, वीस मिनिटांत, पाय कोरडे.

टेंपो उभा होता. कॅन ठेवायला जागा होती, पण पुढं एकाच माणसाची. आत्या बसल्या. जन्मात एकटीनं कुठं न गेलेली बाई, अनोळखी टेंपोत.  

आम्ही दोघं परत येऊन होडीच्या सावलीत बसलो. साडेआठ. पावणेनऊ. नऊ. भाऊजींनी एक टरबूज फोडलं, दुष्काळातलं, मुठीएवढं.  मी म्हणाले, भाऊजी, मी काल उगं बोलले तुम्हाला. ते म्हणाले, लई बोलल्या. मग अर्धं टरबूज माझ्यापुढं सरकवलं.

सव्वानऊला नावाड्याचा बटणाचा फोन वाजला. टेंपोवाल्याकडं त्याचाच नंबर होता. म्हाताऱ्यानं फोन माझ्या हातात दिला.

आत्या म्हणाल्या, "लागलं ग दूध. साही कॅन. नळीत न्हाई फाटलं." मागं कॅन आपटल्याचे आवाज येत होते. मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "सायेब इचारत हुते, तुमचं दूध दुसऱ्याच्या टेंपोत कसं. मी म्हणलं, आमची सेक्रेटरी हुशार हाय, नदीतनं वाट काढली तिनं, आधी ठरवूनच. पोरी, तू बी गावात तसंच सांग. उगं खरं बोलू नको."

मी फोन म्हाताऱ्याला परत दिला आणि तिथंच वाळूत बसून हसता हसता रडायला लागले. भाऊजींनी घाबरून विचारलं, काय झालं वहिनी, नासलं का?

मी म्हणाले, लागलं दूध. बाकीचं त्यांना आजवर सांगितलेलं नाही.