आहेर सरांनी स्वतः लिहिलेलं शिफारसपत्र

जयराम आहेर सरांची सही कॉलेजात प्रसिद्ध होती. नाशिकच्या त्या जुन्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून त्यांना एकोणतीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत त्यांनी शेकडो शिफारसपत्रं दिली. लिहिलं मात्र एकही नव्हतं. पद्धत ठरलेली होती. मजकूर विद्यार्थ्यानं टाइप करून आणायचा, सरांनी लेटरहेडवर घेऊन खाली सही ठोकायची, प्रयोगशाळेतल्या भिकनभाऊंनी शिक्का मारायचा. प्रत्येक पत्रातला विद्यार्थी 'कष्टाळू, प्रामाणिक आणि शिस्तप्रिय' असायचा. त्यात ज्याला सर वर्गातून हाकलत तोही आला. यात कुणाला काही गैर वाटत नसे. सगळीकडे असंच चालतं, आणि चालतंय ते कशाला थांबवा.

नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला सकाळी सरांच्या मोबाइलवर पल्लवी भोये या माजी विद्यार्थिनीचा ईमेल आला. नाव वाचून चेहरा काही डोळ्यांसमोर येईना. ईमेल मात्र नीटनेटका होता. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला २०१८-१९ मध्ये तुमच्याकडे वनस्पती वर्गीकरण शिकले, असं सुरुवातीलाच लिहून तिनं केलेले विषय एकाखाली एक दिले होते. पुढे पुण्यात २०२० ते २०२२ एम.एस्सी., रानभाज्यांवरचा प्रबंध, आणि आता पेठ तालुक्यात देशी बियाणं जपणाऱ्या संस्थेत तिसरं वर्ष. परदेशात वनस्पती संवर्धनाच्या दोन अभ्यासक्रमांना ती अर्ज करत होती. पहिल्याची मुदत १ डिसेंबर, तिथल्या वेळेनं रात्री बारापर्यंत; दुसऱ्याची १५ जानेवारी. पहिल्यासोबत शिष्यवृत्तीही होती आणि तिच्या वयाला ती याच वर्षी मिळू शकत होती. दोन शिफारसपत्रं लागतात, एक एम.एस्सी.च्या मार्गदर्शक मॅडम देणार आहेत, दुसरं आपण द्यावं ही विनंती. सोबत गुणपत्रिका आणि बायोडाटा जोडला होता.

सरांनी नेहमीचं उत्तर धाडलं: मसुदा पाठव, सही करतो.

तासाभरात उलट उत्तर आलं. तिनं फार आदबीनं लिहिलं होतं की विद्यापीठ विद्यार्थ्याच्या हातून पत्र घेत नाही. सरांच्या कॉलेजच्या ईमेलवर एक लिंक येईल. ती उघडून सरांनीच पत्र चढवायचं आणि 'हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे' या वाक्यापुढे खूण करायची. विद्यार्थ्याला ते वाचताही येत नाही.

सर खवळले. आता या वयात निबंध लिहायचा होय? त्यातून कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड त्यांना कधी पाठ नव्हता. तो ऑफिसातल्या कुंदनच्या वहीत असे. लिंक आली की सांग, एवढं कुंदनला सांगून त्यांनी विषय बाजूला सारला.

पंचवीसला पल्लवीचा दुसरा ईमेल आला. लिंक पाठवून चार दिवस झालेत, ती उघडलेली दिसत नाही, मुदतीला सहा दिवस राहिलेत, सवड झाली तर बघावं. तक्रारीचा एक शब्द नव्हता. कुंदननं शोधाशोध केली तेव्हा लिंक स्पॅममध्ये सापडली, एका लॉटरीच्या आणि एका गुडघ्याच्या तेलाच्या जाहिरातीच्या मधोमध. सर ओशाळले. संध्याकाळी सगळे गेल्यावर ते डिपार्टमेंटमध्ये लिहायला बसले.

'पल्लवी भोये हिला मी २०१८ पासून ओळखतो,' असं लिहिलं आणि हात थांबला, कारण ते ओळखत नव्हते. कष्टाळू, प्रामाणिक, शिस्तप्रिय लिहून झालं. त्यापुढे काय? तिचा ईमेल पुन्हा वाचला. तेव्हा लक्षात आलं, २०१९ ते २०२० हे वर्ष मध्येच रिकामं आहे. सोबतची गुणपत्रिका त्यांनी तोवर उघडलीच नव्हती. ती उघडली तर पाचव्या सत्रात एका प्रात्यक्षिकापुढे नापास अशी नोंद होती. विषय वनस्पती वर्गीकरण. म्हणजे त्यांचाच. कपाटातलं जुनं रजिस्टर काढून खात्री केली. लाल वर्तुळ होतं आणि शेजारी सही त्यांचीच, प्रसिद्ध सही. पोरीला एटीकेटी लागली होती, पुढच्या ऑक्टोबरात पेपर सुटला आणि एम.एस्सी.चा प्रवेश वर्षभर हुकला.

पहिल्यांदा त्यांना रागच आला. ईमेलमध्ये सगळं लिहिलं आणि नेमकं हेच गाळलं? त्यांनी फोन लावला आणि सरळ विचारलं.

मग पल्लवी म्हणाली, "गुणपत्रिकेत आहेच ना सर ते. विद्यापीठापासून काही लपवलं नाही. तुम्हाला लिहिलेल्या मेलमध्ये तेवढं घातलं नाही. मदत मागायची आणि वरून तुम्हीच नापास केलं होतं असंही लिहायचं, ते बरं दिसलं नसतं. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असतं."

वर्ष तिचं गेलं होतं आणि अवघडलेपण ती त्यांचं सांभाळत होती. शेवटी त्यांनी विचारलं की असं असताना पत्र माझ्याकडेच का मागितलंस.

"बाकीच्यांनी माझी फाइल न उघडताच मार्क दिले होते, सर. तुम्ही वाळवलेल्या रोपांच्या चाळीसच्या चाळीस शीट उलटून बघितल्या. धुराचा वास येतो म्हणून परत केल्या. आमच्याकडे पेठला पावसाळ्यात काहीच वाळत नाही, म्हणून चुलीवरच्या माळ्यावर ठेवल्या होत्या. तेव्हा हे सांगायला जीभ रेटली नाही. पण नंतर ज्या नव्या करून दिल्या ना, तेव्हा खरी वर्गीकरण शिकले."

त्या जुन्या शीटांचं काय केलंस, असं सरांनी विचारलं. नेल्याच नाहीत, ती म्हणाली. नापासाचं ओझं घेऊन एसटीत कुठं बसायचं, म्हणून डिपार्टमेंटच्या टेबलावर ठेवून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या भिकनभाऊंना गाठलं. सात वर्षांपूर्वीच्या, धुराच्या वासाच्या शीट कुठं टाकल्या असतील, असं विचारलं. विद्यार्थी पावसाळ्यात रोपं गोळा करतात, रद्दीत दाबून वाळवतात, जाड कागदावर चिकटवतात आणि खाली लेबल लावतात. त्या एकेका कागदाला शीट म्हणायचं. अशा शेकडो शीट दर वर्षी येत आणि रद्दीत जात. सरांना फारशी आशा नव्हती.

भिकनभाऊंनी त्यांच्याकडे जरा चमत्कारिकच पाहिलं. "टाकल्या कुठं सर? त्याच तर आपण दर साली प्रॅक्टिकलला काढतो. बाकी समद्यांना बुरशी आली, कसर लागली. ह्यांना धूर बसलाय, किडा लागतच नाय. लय टिकाऊ माल हाय."

त्यांनी कपाट उघडून वरच्या कप्प्यातला गठ्ठा टेबलावर ठेवला. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तसली गत. सोनकी, कवळा, कुर्डू, तेरडा. तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण म्हणतो. इथं सात वर्षांनीही पाकळी न पाकळी ओळखू येत होती. याच शीट समोर धरून सरांनी सात तुकड्यांना पानांची मांडणी आणि फुलांची रचना शिकवली होती. 'रोप दाबावं तर असं,' हे वाक्य ते दर वर्षी न चुकता म्हणत. कुठल्या तरी जुन्या सहलीतल्या असतील असं ते धरून चालले होते.

त्यांनी तेरड्याची शीट उलटी केली. मागे लाल पेनानं, त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'वास येतो. निष्काळजीपणा. पुन्हा करा.' दुसरी उलटली, तिसरी उलटली. चाळीसही शीटांमागे तेच होतं. सात वर्षांत त्यांनी एकही उलटून पाहिली नव्हती. लेबलावर नाव, कुळ, ठिकाण, तारीख, सगळं बारीक वळणदार अक्षरात भरलेलं होतं; फक्त 'संग्राहक' हा रकाना कोरा. तोही सरांच्याच नियमानं. शीट मंजूर झाल्याशिवाय कुणी त्या रकान्यात नाव घालायचं नाही, अशी त्यांची शिस्त होती.

सरांनी गठ्ठा पुन्हा नीट रचला. त्यांना लाज वाटली, आणि ती कुणापाशी बोलून दाखवावी असा माणूस आसपास नव्हता. भिकनभाऊ चहा आणायला गेले होते.

त्या दुपारी त्यांनी कष्टाळू, प्रामाणिक, शिस्तप्रिय हे तिन्ही शब्द खोडले आणि पत्र पहिल्यापासून लिहायला घेतलं. सुरुवातच अशी केली की अर्जदाराच्या गुणपत्रिकेत जी नापासाची नोंद आहे ती मी केलेली आहे आणि ती चुकीची होती. मग चूक कशी झाली ते सांगितलं. भर पावसाच्या मुलखात, काहीही साधन नसताना, या मुलीनं नमुने वाळवायची जी रीत वापरली तिनं आमच्या संग्रहातले सगळ्यात टिकाऊ नमुने तयार झाले. मी ते नाकारले आणि पुढे सात वर्षं त्यांच्यावरूनच शिकवत आलो. तिनं तक्रार केली नाही, चाळीस नमुने नव्यानं करून दिले. इंग्रजी काही फार सफाईचं नव्हतं, दोनदा शब्दकोश काढावा लागला. पण दीड पानाचं पत्र झालं आणि त्यातला शब्द न शब्द त्यांचा होता. परक्या देशातल्या, कधी न भेटणाऱ्या माणसांना 'माझी चूक झाली' असं लिहिणं मात्र फार जड गेलं नाही.

कुंदननं लिंक उघडून दिली. फॉर्ममध्ये एक प्रश्न होता: अर्जदाराला किती काळापासून ओळखता? सर थबकले. कुंदन म्हणाला, सात वर्षं टाका सर, वर्गात होती ना. सरांनी सात टाकलं, कारण कालपासून असा पर्याय तिथं नव्हता. मग 'हे पत्र मी स्वतः लिहिलं आहे' पुढे खूण केली आणि बटण दाबलं. नोव्हेंबरची सव्वीस तारीख होती.

संध्याकाळी पल्लवीचा फोन आला. पत्र मिळाल्याचं पोर्टलवर दिसतंय, आता अर्ज पूर्ण झाला, असं सांगून तिनं आभार मानले. काय लिहिलंय ते मला दिसत नाही, पण तुम्ही वेळ काढलात तेच पुष्कळ, असंही म्हणाली. दुसऱ्या अर्जासाठी जानेवारीत आठवण करू का, असं तिनं चाचरत विचारलं. सर म्हणाले, आठवण कशाला, उद्याच पाठवतो, पत्र तेच आहे.

चूक माझी होती, हे आता तिला मराठीत सांगायचं होतं. तीनच शब्द, पण ते काही केल्या बाहेर येईनात. एकोणतीस वर्षं लोकांच्या चुका काढण्यात गेलेल्या माणसाची जीभ अशा वेळी लाकडासारखी होते. सरांनी घसा खाकरला.

"पल्लवी, नाशिकला कधी येतेस? डिपार्टमेंटला ये. चाळीस शीट मंजूर करून ठेवल्यात. संग्राहकाच्या रकान्यात नाव घालायचं राहिलंय, ते तुझ्याच अक्षरात पाहिजे."

"त्या अजून आहेत, सर?" तिनं विचारलं.