वहिनीची गणिताची धास्ती

डोंबिवलीत मी आणि माझी वहिनी एकाच बँक परीक्षेची तयारी करत होतो. वहिनीला गणिताची धास्ती, त्यामुळे तिचा बहुतेक वेळ गणितातच जायचा. काही सराव परीक्षा दिल्यावर आम्ही चुका प्रश्नांच्या प्रकारानुसार वेगळ्या केल्या. गणितात तिने सोडवलेलं जवळपास सगळं बरोबर होतं. गुण कापले जात होते ते इंग्रजी उताऱ्यांवरच्या प्रश्नांत, अंदाजाने ठोकलेल्या उत्तरांमुळे.

“अगं, मी भलत्याच विषयाला घाबरत होते,” ती म्हणाली.

“मग सकाळचे तास उताऱ्यांना दे,” मी म्हणाले. “गणित रोज थोडंसं पुरे.”

तिला ते पटलं, पण आवडलं नाही. उतारे वाचताना ती जांभया द्यायची. मुख्य परीक्षेत मात्र इंग्रजीचा कटऑफ तिने सहज ओलांडला. आता ती ठाण्यातल्या एका शाखेत काम करते.