गाडग्याबरोबर जाणारं बोलणं

मी लग्न होऊन शेळगावच्या कुंभारवाड्यात आले तेव्हा मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, चाक उभ्या इंदापूर तालुक्यात नावाजलेलं होतं. ते घडवायचे आणि सासूबाई बाजारात विकायच्या. त्यांची एक रीत होती. गिऱ्हाइकानं गाडगं हातात घेतलं की आधी त्याची खोडी सांगायची. "फुटतं हां बाई, आदळलंस तर फुटतं! वाजवून घे, आन् रातभर पाण्यात बुडवल्याबिगर चुलीवर चढवू नगं." मला हसू यायचं. आपल्याच मालाची अशी बदनामी कोण करतं?

सासूबाई गेल्या आणि बाजार माझ्याकडं आला, तशी ती रीतही आली. तोवर घरोघर जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी शिरली होती. हलकी, चकचकीत, आपटली तरी नुसता पोचा. आमची गाडगी बाजारातून न विकता ढिगानं परत यायला लागली. साखर कारखान्यात माणसं घेत होते, तिकडं जाऊन पोती उचलावीत असं मामंजींच्या मनात घोळायला लागलं. तेवढ्यात बारामतीच्या एका भांड्याच्या दुकानदारानं अख्ख्या भट्टीचा माल उचलला. त्याला सगळे चाचा म्हणत. जीव भांड्यात पडला आमचा.

पण दोन बाजार झाले नाहीत तोच चाचांचा निरोप आला, "माल तडकतोय, येऊन बघा." मामंजी म्हणाले, "हात गेला माझा. माती समजंना मला. आता चाक उभं करून ठेवायचं."

मला आला राग! रोज त्यांची माती तुडवणारी मीच होते, घोड्याची लीद मिसळून लोण्यावाणी करायची. माती वाईट म्हणजे मी वाईट. पदर खोचला आणि भाजीच्या बैलगाडीतून थेट बारामती गाठली.

चाचांनी परत आलेली खापरं दाखवली. मी एकेक उलटी करून बघितली. बुडाला काजळीचा टिपका नाही! मधोमध एक पांढुरका डाग आणि तिथूनच चारी बाजूंनी तडे गेलेले.

"चाचा, ही चुलीवर गेलीच न्हाईत. कुणी नेली होती?"

"पाटबंधाऱ्याच्या कचेरीतल्या बाया. त्यांच्याकडं पंपाचा स्टो हाय."

"आन् पाण्यात भिजवली होती?"

"ते मला काय म्हाईत? मी काय सांगितलं न्हाय, त्यांनी काय इचारलं न्हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाजारात आमचं गाडगं बोलण्यासकट जायचं. इथं ते मुकाट्यानं गेलं होतं. कोरं, कोरडं भांडं स्टोच्या एकाच जागी भडकणाऱ्या जाळावर बसवलं, तर ते तडकणार नाही तर काय करणार?

मी चौथी पास. खडू मागितला आणि दुकानाच्या फळीवर लिहायला बसले. 'हे भांडं फुटतं. घेताना बोटानं वाजवून घ्या, खणखणीत वाजलं तरच न्या. बूड जाड आहे, म्हणून जड लागेल. काठाला धरून उचलू नका, खालून दोन्ही हात लावा. आधी रातभर पाण्यात ठेवा, सावलीत सुकवा, आतून तेल पुसा, मग मंद जाळावर तांदळाची पेज उकळा. चूल चांगली. शेगडीही चालेल, निखाऱ्यावर राख चढल्यावर. स्टोवर ठेवू नका. तापलेलं भांडं ओल्या जमिनीवर टेकवू नका, चुंबळीवर ठेवा.'

चाचांनी कपाळाला हात लावला. "अगं सूनबाई, हे वाचून कुत्रं तरी फिरकंल का दुकानात?"

"न्हाई फिरकलं तर मी सगळा माल डोक्यावर घिऊन परत जाते!" मी म्हणाले आणि फळी दुकानाच्या दाराशी नेऊन टेकवली.

लोक थांबून फळी वाचायचे आणि हसायचे. हसता हसता गाडग्यावर बोट वाजवायचे. वाजवलेलं भांडं खाली ठेववत नाही माणसाला, हे मी बाजारात शिकले होते. स्टोवाली एक बाई परत आली, वाचत उभी राहिली आणि म्हणाली, "असं होय! आमची शेगडी पडून आहे की घरात." तिनं दोन नेली.

माल संपत आल्यावर चाचांनी नव्या भट्टीचा माल मागितला, पण घरी चाक अजून उभंच होतं. मी मामंजींना ओढूनच बारामतीला नेलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. चाचांनी फळी मोठ्यानं वाचून दाखवली. 'हे भांडं फुटतं' ऐकल्याबरोबर मामंजींनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. पुरं ऐकून झाल्यावर म्हणाले, "ही तर हिच्या सासूची बोली हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "माती बरी हाय म्हण की!"

"तुमची माती वाईट म्हणणाऱ्याचं तोंड बघायचंय मला," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती चाकाच्या घरघरीनं. मी तशीच उठले आणि माती तुडवायला गेले.