भाड्याच्या टिपेतले बेदाणे

तासगावात माझे घरमालक दर एक तारखेला भाडं न्यायला वर यायचे आणि नळापासून खिळ्यापर्यंत खोली तपासत तासभर बसायचे. वैतागून मी त्यांना रीतसर पत्र लिहिलं: 'आपल्या क्यूआर कोडवर दर पाच तारखेला भाडं आपोआप जमा होईल, सोबत "वरच्या खोलीचं भाडं" अशी टीप असेल. आपणास वर येण्याचा त्रास नको.'

त्यांनी खुशीत कोड आणून दिला. मी स्कॅन करून सगळं लावून टाकलं.

सहा तारखेला सकाळी मालक पुन्हा दारात. "मास्तर, ती टीप बदला!"

खातं त्यांचं असलं तरी बँकेत नंबर फौजेतल्या मुलाचा होता, कोडही त्यानंच काढलेला. माझ्या नावासकट मेसेज थेट त्याच्या फोनवर. आणि वरची खोली त्याच्यासाठी रिकामी ठेवलीय, असं यांनी त्याला सांगितलेलं!

"आता काय सांगितलंत?"

"चुकून आलं म्हनलं. तुमी बेदाणं लिवा. आमी बेदाणं इकतोच की."

माझ्या ॲपमध्ये टीप बदलता येत नव्हती. जुनं रद्द करून सगळं पहिल्यापासून लावलं. माझ्यासारख्या गणिताच्या मास्तरानं दरमहा एवढे बेदाणे खायचे!

चार महिन्यांनी मुलगा रजेवर आला. ट्रंक घेऊन थेट वर. मी दार उघडून नाव सांगितलं.

"म्हंजे ते बेदाणंवाले तुमीच व्हय?" तो आनंदानं म्हणाला. मग त्याची नजर माझ्या कॉटवर गेली. "पर मास्तर, तुमी माज्या खोलीत काय करताय?"