एकोणिसाव्या स्लाइडवरची शांतता

मी स्क्रिप्ट लिहिते. दुकानांच्या जाहिराती, दूध संघाच्या माहितीपटाचं निवेदन, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची चित्रफीत, काहीही सांगा. शब्द माझे आणि आवाजही माझाच. त्यामुळं शिरोलीच्या एका फाउंड्रीतून, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातून, बोलावणं आलं तेव्हा मला मुळीच धास्ती वाटली नाही. सुरक्षा प्रशिक्षणाची पीपीटी होती, तिचा व्हिडिओ करायचा होता. नवीन माणूस आधी व्हिडिओ बघणार, मग त्याला कामावर घेणार.

तिथल्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी आधी स्वतःच प्रयोग करून पाहिला होता. पीपीटी उघडली, व्हिडिओ म्हणून सेव्ह केली, झालं. वेळ कुठंच दिलेली नसल्यामुळं प्रत्येक स्लाइड पाच सेकंद दिसून पळाली. हेल्मेटच्या चित्राला पाच सेकंद आणि भट्टीजवळच्या दहा नियमांनाही पाचच. "बघणाऱ्याला घेरी यायची पाळी आली, मॅडम," साहेब स्वतःच हसत म्हणाले. माणूस मोकळा होता. मला आवडला.

ती पीपीटी सेफ्टी ऑफिसरांनी केलेली. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. भट्ट्यांच्या आवाजावर आवाज चढवून कितीतरी वर्षं त्यांनी शिकवलं आणि शेवटी घसा बसला तो बसलाच. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वर्ग घ्यायला साफ बंदी केली होती. आता ते खिशातल्या छोट्या पॅडवर लिहून बोलत, आणि पॅडवरचं बोलणंसुद्धा अस्सल कोल्हापुरी. पहिल्या भेटीत त्यांनी लिहिलं, "पावणं, च्या घेणार की नको?" मी हसले. पण व्हिडिओ झाला की त्यांचा वर्ग कायमचा बंद होणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

माझी पद्धत साधी आहे. कागदावर चार रकाने आखायचे: स्लाइड कुठली, कधीपासून कधीपर्यंत, पडद्यावर काय येतं, मी काय बोलते. मग स्टॉपवॉच लावून मोठ्यानं वाचायचं. मनातल्या मनात वाचून वेळ धरली की ती हमखास फसते, कारण मनाला श्वास घ्यावा लागत नाही. ऐकणाऱ्यांत ओडिशा-बिहारकडची माणसंही होती, मराठी कामापुरतं समजणारी. म्हणून मी सेकंदाला दोन शब्दांच्या वर गेले नाही. स्लाइडवर लिहिलेलंच पुन्हा वाचून दाखवायचं नाही, हा माझा दुसरा नियम. आणि पडद्यावर ओळ येण्याआधी तिच्याबद्दल बोलायचं नाही. डोळा एकीकडं आणि कान दुसरीकडं गेला की माणूस दोन्ही सोडून देतो.

पीपीटीतल्या ओळी क्लिक केल्यावर एकेक येत. कुठली ओळ कुठल्या शब्दावर आणायची हे ठरवायला आम्ही ट्रेनिंग रूममध्ये तालीम घेतली. मी वाचत होते, सर नेहमीच्या रिमोटनं क्लिक करत होते, संगणक प्रत्येक स्लाइडची वेळ नोंदवत होता. जोडी छान जमली.

अठरावी स्लाइड सँड मिक्सरची होती. वाळू मिसळायची ती मोठी मशीन, फिटर तिच्या आत उतरून पाती साफ करतो. मशीन थांबवा. मेन स्विच बंद करा. त्याला स्वतःचं कुलूप आणि टॅग लावा, किल्ली स्वतःच्या खिशात. हवेचा दाब सोडा. मग स्टार्टचं बटण दाबून बघा, मशीन सुरू होत नाही ना. एकेक ओळ माझ्या शब्दावर बरोब्बर येत गेली. एकोणिसाव्या स्लाइडवर फक्त एक प्रश्न होता: "मशीन खरंच बंद आहे, हे कुणी बघायचं?"

मी प्रश्न वाचला आणि विसाव्या स्लाइडची वाट बघितली. स्लाइड हलेना. सर रिमोट धरून समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडं बघत बसले होते.

"सर, पुढं?" मी म्हटलं.

त्यांनी पॅडवर लिहिलं, "अजून कोण बोललं न्हाय."

मग त्यांनी सावकाश लिहून मला सगळं सांगितलं. मागं एकदा फिटर बाहेरूनच हात घालून पाती साफ करत होता आणि दुसऱ्यानं येऊन मशीन चालू केली. फिटरनं नुकताच हात बाहेर घेतला होता म्हणून निभावलं. स्विच कुणीतरी बंद केलाय, असं फिटर धरून चालला होता. तेव्हापासून सर हा प्रश्न विचारत आणि वर्गातून "मीच" असं उत्तर आल्याशिवाय पुढं जात नसत. "हे गेलं तर बाकी सगळं नुसतं वाचन हाय," त्यांनी लिहिलं. पॅड त्यांनी माझ्याकडं फिरवलं. त्यांना नोकरीची काळजी नव्हती. त्यांचा जीव या एका प्रश्नात अडकला होता.

मी त्यांना म्हटलं, "हे राहील. शब्द देते." आणि स्क्रिप्टमध्ये लिहिलं: स्लाइड १९, प्रश्नानंतर बारा सेकंद आवाज नाही, मग निवेदन, "बरोबर. तुम्ही स्वतः." बारा म्हणजे मी "सर, पुढं?" म्हणेपर्यंत सर तालमीत जेवढं थांबले तेवढे.

एडिटिंग राजारामपुरीतल्या एका लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडं होतं. माणूस कामाला वाघ. पण लग्नाच्या व्हिडिओत शांतता चालत नाही. हार घालताना सनई, पंगत बसली की बासरी. चाचणीला कँटीनमध्ये फिटर बसवले, सर मागं रिमोट घेऊन बसले, सवयच त्यांची. प्रश्न आला आणि त्यापाठोपाठ गोड बासरी सुरू झाली. एकानं पाण्याचा ग्लास भरून घेतला. दुसऱ्यानं मोबाइल काढला. बारा सेकंद संपले, माझा आवाज म्हणाला, "बरोबर." कुणी काही बोललंच नव्हतं. सर उठून बाहेर गेले. मला कानकोंडं झालं आणि रागही आला.

"मोकळं वाटत हुतं ताई, म्हणून टाकली की," एडिटर म्हणाला.

"मोकळंच पाहिजे. स्क्रिप्टमध्ये 'आवाज नाही' लिहिलंय."

साहेबांचं म्हणणं वेगळंच. "एवढा वेळ गप्प? लोकांना वाटेल स्पीकर गेला. काढून टाका, व्हिडिओही आटोपशीर होईल."

मी मुकाट्यानं ऐकणारी बाई नाही. म्हटलं, "साहेब, बासरी काढून एकदा दाखवू. कुणी बोललं नाही तर मी स्वतः ते बारा सेकंद कापते."

एडिटरनं तिथंच लॅपटॉपवर बासरी काढली. मी सरांना बाहेरून बोलावून आणलं. यावेळी पाळी संपवून आलेले दुसरे फिटर होते. साहेब दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

प्रश्न आला. मग काहीच नाही. वरचा पंखा ऐकू यायला लागला. एकानं स्पीकरकडं बघितलं, मग शेजाऱ्याकडं. शेजाऱ्यानं खांदे उडवले. कुणीतरी खाकरलं. मी सेकंद मोजत होते आणि ते संपत आले होते.

"आता कोण बघणार? मीच की!" मधल्या बाकावरचा एकजण वैतागून मोठ्यानं म्हणाला. त्याच्या पलीकडचा हसला आणि म्हणाला, "व्हय, मी बी."

स्पीकरमधून माझा आवाज आला, "बरोबर. तुम्ही स्वतः." मी मागं वळून बघितलं. सरांच्या हातातल्या रिमोटला कुठलंही काम नव्हतं. तरी त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं, आणि त्याच क्षणी पडद्यावर विसावी स्लाइड आली.