सोपानरावांच्या घरी गेलेलं पत्र

आमच्या लोणावळ्याच्या कचेरीत कुणाचे वडील वारले, की सोपानराव खुर्ची मधोमध ओढायचे आणि सगळ्यांची उलटतपासणी सुरू करायचे. "म्हातारा जेवताना काय मागायचा? रागावला की काय म्हनायचा? तुमच्यातलं कोन भेटलंय त्यास्नी?" नवख्या माणसाला वाटे, हा पोलीस पाटील इथे कसा आला! पण ते आवक-जावक कारकून होते, टाकवे बुद्रुकचे, आणि कचेरीचं सांत्वनाचं पत्र त्यांनीच लिहायचं असा अलिखित नियम होता.

त्यांची शिस्त कडक होती. वर 'श्री' नाही, 'कुशल' नाही. कार्डाचा कोपरा फाडायचा नाही. "कोपरा फाडत्यात ती मरनाची खबर. आपुन समाचाराला निघालोय." पत्र दहाव्याच्या आत पोचलंच पाहिजे. "तेराव्यानंतर ते नुसतं पत्र." शेवटी 'उत्तर देण्याची तसदी घेऊ नये' हे हवंच. आणि पहिली सही साहेबांची नाही. गेलेल्या माणसाला ज्यानं पाहिलं असेल, त्याची. साहेब यावर एकदा फुगले होते. सोपानरावांनी त्यांच्यासमोर पेन शिपायाच्या हाती दिलं.

टायपिस्ट पाटणकरांचे वडील गेले तेव्हा त्यांनी लिहिलं होतं : 'दारात जोडून ठेवलेल्या त्यांच्या वहाणा आता दिसणार नाहीत. घराला याची सवय व्हायला वेळ लागेल.' पाटणकरांचे वडील मुलाला डबा द्यायला यायचे आणि वहाणा अशाच नीट जोडून बाहेर काढायचे. पत्र वाचून पाटणकर टेबलावर डोकं टेकून रडले. जावक कारकूनच तो, प्रत्येक पत्राची नक्कल सोपानराव एका वहीत ठेवत.

मी एकदा त्यांच्या गावी गेलो होतो, भाताची लावणी चालली होती तेव्हा. शहरी ऐटीत बूट घालून बांधावरून चाललो आणि घसरून थेट खाचरात उतरलो. एक बूट चिखलानं गिळला. सोपानरावांचे वडील, आबा, अनवाणीच धावत आले, कोपरापर्यंत हात घालून त्यांनी बूट उपसला, ओढ्यावर धुतला आणि बांधावर वाळत ठेवला. "पाय आपला हाय न्हवं जागंवर? मग बुटाचं काय एवढं!" एवढे भेगाळलेले पाय मी तोवर पाहिले नव्हते. दुपारी त्यांनी मला त्यांच्या ताटातला आंबेमोहर आग्रहानं वाढला.

पुढे दोन हिवाळ्यांनी सोपानराव रजेवर असताना कोपरा फाटलेलं कार्ड कचेरीत आलं. आबा गेले होते. साहेब मला म्हणाले, "जोशी, तुम्ही लिहा. जरा भारदस्त लिहा." मी गांगरलो. अहो, भारदस्त लिहायचं म्हटलं की मला काहीच सुचत नाही. मग मी सोपानरावांचा खण उघडला, ती वही काढली आणि पाटणकरांच्या पत्रातली दोन वाक्यं उचलली. वहाणा काय, सगळ्यांच्याच दारात असतात. पत्र चौथ्या दिवशी टपालात पडलं. 'श्री' नव्हता, कोपरा शाबूत होता, पहिली सही माझी होती. सगळं अगदी नियमाप्रमाणे.

तेराव्यानंतर सोपानराव आले. डोकं, मिशा सगळं उतरवलेलं. त्यांनी आवक रजिस्टर उघडलं, दोन नोंदी केल्या आणि मान वर न करता म्हणाले, "जोशी, आबांनी जल्मात वहान घातली न्हाई. तुमी तर पाय बघितलंत त्यांचं."

त्यांनी तिसरी नोंद केली.

"आईला वाचून दावलं. ती म्हनली, सोपाना, ह्ये दुसऱ्या कुनाच्या घरचं हाय, चुकून आपल्याकडं आलंय. ज्याचं त्याला धाडून दे."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नाहीत. पाटणकरांच्या पत्राबद्दल चकार शब्दही काढला नाही. दुपारी नेहमीसारखी मला तंबाखूही दिली. मीच दुसरं पत्र लिहायला हवं होतं. बुटाची गोष्ट तेवढी लिहायची, चार ओळी. पण तेरावं उलटलं होतं, आता ते नुसतं पत्र, असं म्हणत मी त्यांच्याच नियमाच्या आड लपलो. ते देहूरोडला बदलून गेले, तरी लपूनच राहिलो.

सात-आठ वर्षांनी माझ्या घरी कोपरा फाटलेलं कार्ड आलं. आत सोपानरावांचं नाव होतं. मी ते उंबऱ्याबाहेर उभ्यानं वाचलं आणि रिवाजाप्रमाणे फाडून टाकलं. तिथेच पायरीवर बसून त्यांच्या मुलाला लिहिलं. खाचर लिहिलं, बूट लिहिला, आबांचे अनवाणी पाय लिहिले, पेन शिपायाच्या हाती देणारे सोपानराव लिहिले. हे तुझ्या वडिलांना लिहायचं राहिलं, माझी चूक झाली, असंही लिहिलं. उत्तराची तसदी नको, हे मात्र लिहायला विसरलो.

म्हणून उत्तर आलं. मुलानं लिहिलं होतं : 'आजी थकली आहे, पण तिला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. म्हणाली, व्हय, ह्ये आपल्या घरचं हाय. मग म्हणाली, सोपानाला दाव.'