स्क्रीन जागेवरून सुटलेली असेल तर

माझ्या धाकट्या भावाला बाजारात सगळे अटीवाला म्हणतात. त्याच्या तोंडावर म्हणतात, आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. लहानपणी आमच्या खोलीत त्याच्या कंपासपेटीवर चिठ्ठी असायची, की पेन्सिल घेतली तर टोक करून परत ठेवावी. तेव्हा मी त्याच्या डोक्यात टपली मारायचे. आता तो दोन पोरींचा बाप आहे, मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, त्यामुळे टपली मारायची सोय राहिली नाही.

दुकान आमच्या दोघांचं आहे. मधे प्लायवूडची पडदी, अलीकडे माझं शिलाई मशीन, पलीकडे त्याचं टेबल. टेबलावर भिंगाचा दिवा, स्क्रीन सैल करायची गरम पाटी आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून चुंबकाची चटई. हाताला त्याच्या खरंच गुण आहे. बंद पडलेला फोन तो कानाशी धरतो, दोनदा हलवतो आणि आत काय सुटलंय ते सांगतो. पण गिऱ्हाइकाने "दादा, जरा बघा ना" म्हटलं की याच्या कपाळाला आठी. "आधी अटी वाचल्या का?" हे याचं पहिलं वाक्य.

त्यालाही कारण आहे, उगाच कशाला त्याला नावं ठेवू. दुकान नवीन असताना एक माणूस बादलीत पडलेला फोन घेऊन आला होता. चार्जिंगच्या जागेतून पाणी ठिबकत होतं आणि हा गृहस्थ म्हणतोय, तुमच्याच स्क्रीनने फोन बिघडवला, बदलून द्या. भर बाजारात त्याने आमच्या आईबापाचा उद्धार केला. त्या दिवशी धाकटा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने दुकानाच्या पेजवर चकचकीत नव्या स्क्रीनचा फोटो टाकला आणि खाली कॅप्शन लिहिलं. ते आम्हा सगळ्यांना पाठ झालंय:

"बदललेल्या पार्टची वॉरंटी: बॅटरी सहा महिने, स्क्रीन तीन महिने. वॉरंटी फक्त बदललेल्या पार्टची, पूर्ण फोनची नाही. फोन पडला, पाण्यात गेला, दुसरीकडे उघडला किंवा स्क्रीन जागेवरून सुटलेली असेल तर वॉरंटी नाही. कृपया वाद घालू नये."

तेव्हापासून प्रत्येक फोटोखाली हेच. बिल देताना हेच वाचून दाखवायचं. खोटं कशाला बोलू, वाद थांबले. लोक येतात, काम करून घेतात, जातात. धाकटा छाती फुगवून सांगायचा, "ताई, माझी एकही बॅटरी परत आलेली नाही. एकही." मी म्हणायचे, बाबा रे, तुझ्या तोंडाकडे बघून कोण येईल परत? तो हसायचा. मीही थट्टेतच म्हणायचे.

आमच्या मागच्या गल्लीत पाळणाघर आहे. ते चालवणाऱ्या मावशी धाकट्याच्या लहान लेकीला, छकुलीला, तान्ही असल्यापासून सांभाळतात. बाई अगदी गरीब गाय. त्यांच्या जुन्या फोनची बॅटरी धाकट्याने बदलून दिली होती. पंधराएक दिवसांपूर्वी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "दादा, या फोनला एक घट्ट कव्हर द्या. अगदी घट्ट." धाकट्याने विचारलं, फोन कुठाय? "घरी राहिला." त्याने मॉडेल विचारून कव्हर काढून दिलं. पाचसहा दिवसांनी मावशी पुन्हा हजर. हे कव्हर सैल पडतंय, याहून घट्ट मिळेल का? धाकटा म्हणाला, "मावशी, मॉडेल तेच, कव्हर तेच, सैल कसं पडेल?" मावशी पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या आणि काही न घेताच गेल्या. माझ्या मनात पाल चुकचुकली होती, पण माझ्या मशीनवर ब्लाउज होता आणि तो नेणारी समोर बसली होती.

काल दुपारी मी छकुलीला आणायला पाळणाघरात गेले. मुलं झोपलेली. भिंतीला लागून गाद्यांची रांग, गाद्यांवर एकेक मूठभर जीव, आणि उशांच्या वर, हात लांबवला तर पोचेल एवढ्या उंचीवर, एक लाकडी फळी. फळीवर मावशींचा फोन चार्जिंगला लावलेला. त्याच्यावर आडवे-उभे रबरबँड, आणि रबरबँडवर पावडरीचा भरलेला डबा दाबून ठेवलेला.

"मावशी, हे काय?"

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "मुलं उठतील. काही नाही हो, स्क्रीन जरा वर आलीय. दाबून ठेवली की बसते. रोज दाबते."

मी डबा उचलला. स्क्रीन एका बाजूने एवढी वर आली होती, की फटीत नख गेलं असतं. फोन हाताला गरम लागत होता. इतकी वर्षं पडदीअलीकडे बसून मी दुसरं काही शिकले नसेन, पण धाकटा मला हजारदा सांगतो ते कानात बसलंय: फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही, पेट घेते. आणि त्या फळीच्या बरोबर खाली आमची छकुली अंगठा तोंडात घालून झोपली होती.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं, पिन काढली. मग छकुलीला उचललं, शेजारच्या दोघांना उचललं, मावशींनी बाकीच्यांना. मुलं रडायला लागली. त्या रडारडीतच मी धाकट्याला फोन केला. काय बोलले ते मला आठवत नाही. तो दुकान उघडं टाकून आला. शटर अर्धं ओढल्याशिवाय जो माणूस चहालाही जात नाही, तो गल्ला उघडा टाकून धावत आला.

त्याने फोन बघितला. फळी बघितली. खालची गादी बघितली, कारण तिच्यावर छकुलीची दुपटी होती आणि ती त्याला ओळखू येत होती. मग त्याने हळूच फोन बंद केला, कात्रीने एकेक रबरबँड कापला, जराही न दाबता, आणि बाहेर बांधकामाच्या ढिगातली वाळू पत्र्याच्या डब्यात भरून फोन त्यात ठेवला. डबा अंगणाच्या पार टोकाला नेला. परत आला आणि थेट मावशींसमोर उभा राहिला.

"मावशी, हे किती दिवसांपासून आहे?"

"झाले बरेच."

"मग आणला का नाही? बॅटरी वॉरंटीत होती. मी फुकट बदलून दिली असती."

मावशींना खरंच कळेना, हा माणूस असं का विचारतोय. मग त्या शाळेत म्हणून दाखवतात तसं म्हणाल्या, "स्क्रीन जागेवरून सुटलेली असेल तर वॉरंटी नाही. कृपया वाद घालू नये."

धाकटा भिंतीला टेकला.

"तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना दादा," मावशी घाबरून म्हणाल्या. "मला वाटलं माझ्याकडूनच काही झालं असेल. तुम्ही म्हणाल, पाडलात म्हणून. छकुलीला ठेवता माझ्याकडे, तुमच्याशी वाद कसा घालू मी? म्हटलं, दाबून बसवू."

मला आधी मावशींचा राग आला, मग धाकट्याचा, मग माझा मलाच कळेना कुणाचा येतोय. त्याने ती अट लिहिली होती पाडापाडी करून येणाऱ्यांसाठी. बॅटरी फुगली की आतून स्क्रीन उचलते, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण ते त्याच्या डोक्यात होतं, कॅप्शनमध्ये नव्हतं. ज्या खुणेने बॅटरी खराब झाल्याचं कळतं, तीच खूण त्याने वॉरंटी नाकारायच्या यादीत घालून ठेवली होती.

फोन पूर्ण गार झाल्यावर त्याने तो दुकानाच्या मागच्या पायरीवर उघडला. स्क्रीनखाली बॅटरी उशीसारखी टम्म. धातूचं हत्यार लांब ठेवून, गोंद सुटावा म्हणून कडेने थेंबथेंब स्पिरिट सोडून, प्लास्टिकच्या पातळ पट्टीने त्याने ती सोडवली आणि पुन्हा वाळूत ठेवली. नवी बॅटरी बसवली, वर आलेली स्क्रीनही बदलली. मावशी शेजारी स्टुलावर बसून होत्या. काम झाल्यावर त्याने पेजसाठी नवं कॅप्शन लिहायला घेतलं आणि लिहून झाल्यावर मोबाईल मावशींच्या हातात दिला.

"वाचा. हे वाचून तुम्ही फोन घेऊन आला असतात का?"

मावशींनी ओठ हलवत वाचलं.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्याला ते लागलं, मला दिसलं. "का?"

"वॉरंटी कशाला नाही, तेच सगळ्यात वर आहे. तिथपर्यंत वाचूनच माणूस परत फिरतो, दादा."

त्याने सगळं खोडलं. मग मावशी बोलत गेल्या आणि तो लिहीत गेला. जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या अटीवर चालला असेल. तयार झालं ते असं:

"आधी फोन घेऊन या, काय झालं ते नंतर बघू. बॅटरीला सहा महिने वॉरंटी: फुगली, चार्ज होईना, पटकन उतरायला लागली, तर मोफत बदलून देऊ. स्क्रीन किंवा मागचं झाकण आपोआप वर आलं असेल तर बॅटरी फुगलेली असू शकते, त्यात तुमची चूक नाही. दाबू नका, चार्जिंगला लावू नका, बंद करून आणा. आमच्या बॅटरीमुळे स्क्रीन बिघडली तर तीही आम्ही बदलू. स्क्रीनला तीन महिने: टच चालेना, रेघा आल्या, तर बदलून देऊ. फोन पडला, पाणी गेलं, दुसरीकडे उघडला, तर वॉरंटी नाही. तरी दाखवायला या."

सोबत फोटो चकचकीत स्क्रीनचा नाही टाकला. मावशींच्या फोनचा टाकला, उघडण्याआधी काढलेला, रबरबँडच्या तुकड्यांसकट.

आज सकाळी शटर वर गेलं तेव्हा बाहेर तिघं उभे होते. किराणावाला, शाळेची एक बाई आणि एक रिक्षावाला. तिघांनी फोन काउंटरवर ठेवले. एकाला रबरबँड, एकाला चिकटपट्टी, एकाला कव्हरवर आवळलेली नाडी. धाकट्याने एकेक उघडला. आतल्या बॅटऱ्या एकाच खेपेच्या, मावशींच्या होत्या त्याच. तिघंही म्हणाले, जुनं कॅप्शन वाचलं होतं, म्हणून इतके दिवस आलो नाही. माझी एकही बॅटरी परत आलेली नाही असं म्हणणारा माझा भाऊ त्या फोनांकडे बघत उभा राहिला, आणि मग हातात फोन घेऊन त्या खेपेच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलवायला लागला.

तेवढ्यात माझे यजमान दुकानात आले. डबा विसरलेत म्हणून आले असतील असं मला वाटलं. त्यांनी माझ्याकडे न बघता खिशातून फोन काढला आणि मेव्हण्यासमोर ठेवला. त्याला माझ्या मशीनवरची पांढरी इलॅस्टिक पट्टी गुंडाळलेली होती. गेले कितीतरी दिवस मी ती पट्टी शोधत होते.

"तुझ्याशी वाद नको म्हटलं," ते धाकट्याला म्हणाले.

मी मशीनवरून उठले. हा माणूस रोज फोन उशीखाली घेऊन माझ्या शेजारी झोपतो.